व्हायरल गेला, पण खोकला आणि बसलेला आवाज जाईना : थांबायचं का दाखवायचं, आणि कुणाला?

शहाद्याला माझं मेडिकल आहे आणि थंडी सरता सरता काउंटरवर रोज कुणीतरी हेच विचारतं, "भो, ताप जाऊन पंधरा-वीस दिवस झाले, खोकला काही जात नाही, जरा स्ट्राँग काहीतरी द्या". काही जण तर बोलतही नाहीत, घशाकडे बोट दाखवतात फक्त. खोकला आणि बसलेला आवाज एकाच व्हायरलमधून येतात म्हणून लोक दोघांना एकच दुखणं समजतात आणि एकच बाटली मागतात. पण दोघांचा हिशोब वेगळा आहे, थांबायची मुदत वेगळी आहे आणि दाखवायचं झालं तर डॉक्टरही वेगळे, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून लिहितोय.

आधी खोकला. व्हायरस बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसात आवरतं घेतो, पण तोवर श्वासनळीचं आतलं अस्तर सोलवटून गेलेलं असतं आणि तिथल्या नसा इतक्या हळव्या होतात की साध्या गोष्टीनंही उबळ येते. हसलं की खोकला, जास्त बोललं की खोकला, गार हवा लागली, फोडणीचा ठसका लागला, आमच्याकडे मिरची वाळत घातलेल्या पथारीजवळून नुसतं गेलं तरी खोकला. म्हणजे आजार संपलेला असतो, दुरुस्ती चालू असते. साध्या व्हायरलचा खोकला सरासरी अडीच आठवडे तरी चालतो, पण लोकांची समजूत अशी की आठवड्यात जायला पाहिजे, मग दहाव्या-बाराव्या दिवशी धीर सुटतो, कुणीतरी अँटिबायोटिक सुरू करतं, आणि खोकला त्याच्या वेळेवर कमी झाला की श्रेय त्या गोळीला जातं. व्हायरसवर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही.

तीन ते आठ आठवडे रेंगाळणारा खोकला हा व्हायरलनंतरचा म्हणून डॉक्टर लोक धरतात, आठच्या पुढे गेला की मात्र दुसरं कारण शोधायचं. नॉर्मल कसा ओळखायचा तर रोज मोजू नका, आठवड्याचा हिशोब बघा. या आठवड्यात मागच्यापेक्षा उबळी कमी, रात्री झोप जास्त लागते, खोकला कोरडा किंवा थोडा पांढरा कफ, ताप नाही, भूक परत आलेली, जिना चढताना दम लागत नाही, असं असेल तर गाडी बरोबर रस्त्यावर आहे.

आता एक गोष्ट जिथे बरेच जण गोंधळतात. आपल्याकडे नियम असा आहे की दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीसाठी तपासून घ्यायचं. मग आठ आठवडे थांबा म्हणणारे खरे की दोन आठवड्यात तपासा म्हणणारे? दोन्ही खरे. थांबायला हरकत नाही, पण तपासून थांबायचं. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि तपासायला सांगितलं म्हणजे टीबी आहे असंही नाही. थुंकी सकाळी उठल्यावरची, छातीतून खोल खोकून काढलेली लागते, तोंडातली लाळ देऊन उपयोग नाही, आणि कफ पडतच नसेल तर तसं सांगा, मग छातीच्या एक्स-रेवरून पुढचं ठरवतात.

आता आवाज. घशात दोन स्वरतंतू असतात, बोलताना ते एकमेकांना टेकून थरथरतात. व्हायरलमध्ये ते सुजतात, नीट टेकत नाहीत, म्हणून आवाज जाड होतो, मधेच फाटतो किंवा नुसती हवा निघते. हे साधारण आठवडा-दोन आठवड्यात सुधारतं, फार तर तीन. खोकल्याला जशी आठ आठवड्यांची सूट आहे तशी आवाजाला नाही, हे लक्षात ठेवा. चार आठवड्यांनी आवाज साफ झाला नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्यायचेच, आणि तंबाखू, बिडी, गुटखा असेल किंवा वय पंचेचाळीसच्या वर असेल तर मी तीन आठवड्यांवरच जा म्हणतो. सुधारणेचा क्रमही ठरलेला असतो, आधी पूर्ण बसलेला, मग सकाळी घोगरा आणि दिवसा बरा, मग दिवसभर ठीक पण संध्याकाळी थकलेला, मग नॉर्मल. आवाज आहे तिथेच अडकला, ना कमी ना जास्त, तर ते चांगलं नाही.

आणि दोघांचा संबंध कुठे येतो ते बघा. प्रत्येक उबळीत स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात. म्हणजे खोकला जोरात आहे तोवर आवाज हळूच सुधारणार, त्याला घाबरायचं नाही. पण खोकला गेला आणि आवाज तसाच राहिला तर आता त्याला मारणारं कुणी नाही, मग सूज उतरत का नाही हा प्रश्न पडायला पाहिजे. उलटं, आवाज आला आणि खोकलाच रेंगाळला तर छाती, नाक, पित्त, चालू गोळ्या या बाजूने बघायचं, म्हणजे फिजिशियन.

आमच्या गल्लीतलं एकच घर सांगतो म्हणजे पटेल. सून झेडपीच्या शाळेत पहिलीला शिकवते, सासरे साठीच्या पुढचे, नंदुरबारला मिरचीच्या व्यापारात आयुष्य गेलं, तंबाखू-चुना चालू. दोघांना एकाच आठवड्यात व्हायरल झाला.

वहिनींना तीन दिवस ताप आला आणि तो उतरला तेव्हा आवाज बसलेला. शाळा सोडता येईना म्हणून त्या कुजबुजून शिकवायला लागल्या, आणि आवाज आणखी बसला, कारण कुजबुजताना बऱ्याच जणांचा घसा उलट जास्त ताणला जातो. मग मी सांगितलं की कुजबुजू नका, ओरडू नका, लागेल तेवढंच हळू पण साध्या आवाजात बोला, सारखं खाकरून घसा साफ करायची सवय मोडा, खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या. त्यांनी फळ्यावर लिहून आणि मुलांनाच वाचायला लावून दिवस काढले. दुसऱ्या आठवड्यात आवाज फक्त सकाळी घोगरा राहिला, तिसऱ्याच्या शेवटी जवळपास पहिल्यासारखा. खोकला मात्र थांबला नाही, फोडणी दिली की उबळ, रात्री आडवं झालं की उबळ. तिसऱ्या आठवड्यात थुंकी आणि एक्स-रे दोन्ही झाले, दोन्ही साफ. डॉक्टरांनी छाती ऐकली, शिट्टी नव्हती, म्हणजे दम्याचं लक्षण नाही, आणि बीपीची गोळी वगैरे चालू नव्हती. काही जास्तीचं औषध न देता थांबायला सांगितलं, आणि सहाव्या आठवड्यात खोकला गेला. बरं होणं बहुतेक वेळा असंच असतं, कंटाळवाणं पण एका दिशेने जाणारं.

सासऱ्यांचं उलटं. खोकला दहा दिवसात गेला, घरचे म्हणाले बघा म्हातारा माणूस सुनेच्या आधी बरा झाला. आवाज मात्र खरखरीतच. मिरचीची धूळ असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही, ज्येष्ठमध आणि मिठाच्या गुळण्या चालू. ज्येष्ठमध थोडं चघळायला ठीक, पण रोज भरपूर घेतलं तर बीपी वाढतं, आणि त्यांना बीपी होतं. चौथा आठवडा लागला तरी आवाजात तिळभर फरक नाही, तेव्हा मुलाला सांगून धुळ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नाकात बधिर करायचा स्प्रे मारून बारीक दुर्बीण घातली, पाचेक मिनिटांचं काम, आणि एका स्वरतंतूवर पांढरा डाग दिसला. नंतर भूल देऊन तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता पण पेशी बदलायला लागल्या होत्या. तंबाखू बंद, आणि दर काही महिन्यांनी परत दुर्बीण. हा डाग व्हायरलने आणला नव्हता, आधीपासूनच असणार. व्हायरलच्या नावाखाली तो लपून राहिला असता, मला हेच सांगायचंय.

औषधांबद्दल थोडक्यात. कोरड्या खोकल्याचं सिरप आणि कफ पातळ करायचं सिरप वेगवेगळं असतं, घरातली जुनी बाटली उघडून घेऊ नका आणि दोन्ही एकत्र तर नकोच. मध कोमट पाण्यात किंवा नुसता चमचाभर रात्री घेतला तर थोडा आराम खरंच पडतो, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही आणि शुगरवाल्यांनी जपून. आवाज लवकर यावा म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या मागायला येतात लोक, मी देत नाही, डॉक्टरांनी घसा बघितल्याशिवाय त्या घ्यायच्या नाहीत. एनालाप्रिल, रामिप्रिल अशी बीपीची गोळी चालू असेल तर तिच्यानेही कोरडा खोकला येतो, मग कितीही सिरप प्या. पण गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. रात्री उशिरा झणझणीत शेवभाजी खाऊन लगेच आडवं होण्याची सवय असेल तर पित्त वर येऊन खोकला आणि घोगरेपणा दोन्ही लांबतात, तेवढं काही दिवस सांभाळा.

मुदत-बिदत काही न बघता लगेच जायचं ते कधी : थुंकीत रक्त, दम लागणं, श्वास आत घेताना आवाज येणं, ताप जाऊन परत चढणं, वजन उतरणं, रात्री घाम, गिळायला त्रास, मानेत गाठ. ओरडता ओरडता एकदम आवाज गेला तरी त्याच दिवशी, कारण स्वरतंतूत रक्त साकळलेलं असू शकतं. उबळ इतकी की शेवटी उलटी होते किंवा श्वास घेताना हूप असा आवाज येतो तर तो डांग्या खोकला असू शकतो, आणि घरात तान्हं बाळ असेल तर एक दिवसही थांबू नका.

आणि जे थांबायचं ठरवतील त्यांनी एक करा. मोबाईलमध्ये दर रविवारी सकाळी तेच एक वाक्य रेकॉर्ड करून ठेवा, आणि रात्री खोकल्याने किती वेळा उठलात ते कॅलेंडरवर लिहा. रोज ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, पण तीन रविवार लागोपाठ ऐकले की आवाज सुधरतोय का अडकलाय ते लगेच कळतं. डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच तर तो मोबाईल, ताप कधी आला ती तारीख आणि आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या.