गच्चीचं पाणी की टँकर: हिशेब पैशांत नको, टँकरांत मांडा

पावसाचं पाणी साठवण्याच्या यंत्रणेचं कोटेशन सोसायटीच्या सभेत आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसे किती वर्षांत वसूल होणार? कोटेशन देणारा गच्चीचं क्षेत्रफळ घेतो, त्याला वर्षाच्या पावसाने गुणतो आणि लाखो लिटरचा आकडा समोर ठेवतो. गणित बरोबर असतं. पण गच्चीवर किती पाणी पडलं यावरून टँकरचं बिल कमी होत नाही. त्या पाण्यामुळे किती टँकर मागवावेच लागले नाहीत, तेवढंच बिलात दिसतं. म्हणून मी सगळा हिशेब टँकरांतच करायला सांगतो. कोटेशनच्या रकमेला तुमच्या एका टँकरच्या दराने भागा आणि यंत्रणा 'साठ टँकरची' आहे की 'दीडशे टँकरची' ते काढा. मग दोन्ही बाजू एकाच मापात येतात.

आधी टँकरची बाजू, कारण ती सोपी वाटते आणि तिथेच पहिली चूक होते. बिलावर दहा हजार लिटर लिहिलेलं असतं. टाकीत तेवढं उतरतं का, हे फार कमी ठिकाणी मोजतात. खालच्या टाकीचा तळ पाच मीटर बाय तीन मीटर असेल, तर दहा हजार लिटरने पातळी साधारण 67 सेंटीमीटर वर यायला हवी. सेंटीमीटरच्या खुणा केलेली एक लांब काठी घ्या, पंप आणि नळाची आवक दोन्ही बंद ठेवा, टँकर रिकामा होण्याआधी आणि नंतर पातळी बघा. 58 सेंटीमीटरच चढली, तर तुम्हाला 8,700 लिटर मिळाले. म्हणजे लिटरमागे तुम्ही जवळपास 15 टक्के जास्त मोजताय. असे चार-पाच टँकर मोजल्याशिवाय पुढच्या हिशेबाला हातच घालू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे रजिस्टर. वर्षाचे एकूण टँकर किती, एवढ्यावर काही ठरत नाही, ते कोणत्या महिन्यात आले ते हवं. उदाहरणाला एक इमारत घेऊ. चोवीस फ्लॅट, फ्लॅटमागे सरासरी चार माणसं, माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर रोजची गरज 13 हजार लिटरच्या आसपास. नळ आणि बोअरवेल मिळून बरंचसं भागतं, तरी वर्षाला 140 टँकर येतात: पावसाळ्याच्या चार महिन्यांत 20, त्यानंतरच्या चार महिन्यांत 30 आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत 90. या तीन आकड्यांवर सगळा निर्णय अवलंबून आहे.

आता गच्चीकडे येऊ. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्ची 400 चौरस मीटरची आणि वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर असेल, तर 2 लाख 80 हजार लिटर पडतात. सिमेंटच्या गच्चीवर काही पाणी मुरतं, काही उडून जातं, म्हणून 0.8 ने गुणायचं. उरतात 2 लाख 24 हजार लिटर, म्हणजे 22 टँकर. या इमारतीची सतरा दिवसांची गरज. आकडा ऐकून सभेत नेहमी निराशा पसरते, पण तो आताच कळलेला बरा. उंच इमारतीत माणसं मजल्यांबरोबर वाढत जातात, गच्ची मात्र एकच राहते.

हे 22 सुद्धा पूर्ण हाती लागत नाहीत. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या पावसात गच्चीवरची धूळ, पाला आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन येते, ते पाणी सोडून द्यावं लागतं. दोन मिलिमीटर सोडले तर एका वेळेला 800 लिटर जातात. हंगामात असं पंधरा वेळा झालं तर एक टँकर तिथे गेला. दुसरीकडे एका दिवसात 60 मिलिमीटर कोसळला तर 19 हजार लिटर एकदम येतात. 30 हजारांच्या टाकीत अर्धी जागा असेल तर 15 हजार मावतात, बाकीचं वाहून जातं. अशा दिवसांचे पाच टँकर वजा केले की टाकीत पोहोचतात 16. त्यातलंही काही पाणी अशा दिवशी येतं, ज्या दिवशी टँकर मागवायचाच नव्हता. प्रत्यक्ष टळलेले टँकर मी या इमारतीसाठी 12 धरेन. फिल्टर धुणं, पाइप साफ करणं, टाकीची सफाई यांचा खर्च दोन टँकरांएवढा. निव्वळ बचत 10. यंत्रणा साठ टँकरची असेल तर सहा वर्षांत पैसे निघतात.

आता एकच आकडा बदलून बघा. याच इमारतीत पावसाळ्यात एकही टँकर येत नसेल, तर टाकीत उतरवलेल्या पाण्याने टँकरच्या बिलातला एक पैसाही वाचत नाही. नळाचं पाणी कमी लागेल, बोअरवेलचा पंप कमी चालेल, एवढंच. गच्ची तीच, पाऊस तोच. उत्तर मात्र पार वेगळं.

मग पावसाचं पाणी उन्हाळ्यासाठी साठवून का ठेवू नये? सभेत हा मुद्दा कोणीतरी काढतंच, आणि तो रास्त आहे, कारण 90 टँकर तिथेच जातात आणि दरही तेव्हाच चढलेला असतो. पण एक लाख लिटरची नवी टाकी वर्षातून एकदाच भरते आणि एकदाच रिकामी होते. तिच्यातून मिळतात फक्त दहा टँकर. सध्याची 30 हजारांची टाकी पावसाळ्यात पुन्हा पुन्हा भरते आणि वापरली जाते, म्हणून ती लहान असूनही जास्त पाणी देते. दहा उन्हाळी टँकरांसाठी एवढं खोदकाम आणि काँक्रीट करायचं असेल, तर टँकरांत मांडलेल्या कोटेशनला दहाने भागा, म्हणजे किती वर्षं लागतील ते लगेच समोर येईल. बहुतेक इमारतींत हे जमत नाही.

म्हणून उन्हाळ्यासाठी खरा पर्याय उरतो तो बोअरवेलच्या पुनर्भरणाचा. इथे मात्र फायद्याची खात्री कोणी देऊ नये आणि कोणी घेऊही नये. जमिनीत सोडलेलं पाणी तुमच्या कुंपणाच्या आत थांबत नाही. खडकातल्या भेगा नेतील तिकडे ते जातं. कधी बोअर महिनाभर जास्त टिकते, कधी फायदा शेजारच्या इमारतीला होतो. पडताळायची रीत साधी आहे. बोअर सलग किती तास चालल्यावर हवा ओढायला लागते, हे दर आठवड्याला एका वहीत लिहा आणि पुनर्भरणाच्या आधीच्या एका वर्षाची नोंद हाताशी ठेवा. समजा, पूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाशी दम टाकणारी बोअर पंधरा दिवस पुढे गेली आणि तेव्हा रोज एक टँकर लागत होता, तर 15 टँकर वाचले. पण त्या वर्षी पाऊसच चांगला झाला असेल तर फसगत होते. जवळच्या, पुनर्भरण न केलेल्या एखाद्या बोअरची नोंद सोबत असेल तरच फरक कशामुळे पडला ते कळतं.

पुनर्भरणात एक चूक कायमची महागात पडते. गाळ न काढता पाणी थेट बोअरच्या पाइपात सोडलं, तर ज्या भेगांतून पाणी येतं त्याच बुजतात, आणि असलेली बोअरही हातची जाते. पाणी मोठे दगड, खडी आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून गाळूनच खाली जायला हवं. पार्किंगचं तेलकट पाणी त्यात घेऊ नका आणि खड्डा सेप्टिक टँकजवळ करू नका. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी खड्ड्यात पाणी दिसत असेल, तर वरची वाळू चोंदली आहे असं समजा. पावसाळ्याआधी ती काढून धुवायला हवी.

कोटेशनमध्ये सहसा न सापडणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली: गच्चीचे पाइप खरोखर फक्त पावसाचे आहेत का? अनेक इमारतींत ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीनचं पाणी कोणीतरी याच पाइपाला जोडून ठेवलेलं असतं. कोरड्या दिवशी सकाळी, कपडे धुण्याच्या वेळी, प्रत्येक पाइपाच्या तळाशी दहा मिनिटं उभं राहा. पाणी आलं, फेस दिसला, तर तो पाइप टाकीला जोडता येणार नाही. सहापैकी दोन पाइप असे निघाले तर गच्चीचा तेवढा भाग हिशेबातून गेला. तो दुरुस्त करायचा खर्चही टँकरांत मांडून यंत्रणेच्या किमतीत धरा.

दुसरी गोष्ट आमच्याच सोसायटीत घडली. पहिल्या पावसाळ्यात यंत्रणा नीट बसवलेली होती, फिल्टर स्वच्छ होता, आणि तरी ओव्हरफ्लोच्या पाइपातून धो धो पाणी वाहत होतं. कारण सापडायला तीन आठवडे गेले. नळाच्या पाण्याचा फ्लोट व्हॉल्व्ह टाकीच्या अगदी वरच्या टोकाला होता. पहाटे नळ आला की टाकी काठोकाठ भरायची, आणि दुपारी पाऊस आला की त्याला जागाच नसायची. प्लंबरने फ्लोटचा दांडा खाली घेऊन नळाची आवक निम्म्या टाकीवर थांबवली. त्यानंतर पावसाला रोज 15 हजार लिटरची जागा मोकळी मिळू लागली. मात्र पावसाने ओढ दिली की फ्लोट पुन्हा वर घ्यावा लागतो, नाहीतर नळाचंच पाणी कमी साठतं आणि टँकर वाढतो. हे काम कोणा एकाच्या नावावर लिहून ठेवावं लागतं.

टँकरच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे: ज्या दिवशी पाणी हवं त्या दिवशी तो येतो, आणि नको असेल तेव्हा त्याचे पैसे पडत नाहीत. गच्ची हे करू शकत नाही. म्हणून वर्षाला पंधरा-वीसच टँकर आणि तेही उन्हाळ्यातच लागत असतील, तर मी टाकीची यंत्रणा घेणार नाही. मोजून टँकर घेईन, आणि बोअर असेल तर गाळणीचा एक खड्डा करून दोन वर्षं वही लिहीन.

उदाहरणातल्या 140 टँकरांच्या इमारतीला मात्र मी हो म्हणेन. स्वच्छ पाइप सध्याच्याच टाकीला जोडा, टाकीचा ओव्हरफ्लो गटारात न सोडता पुनर्भरणाच्या खड्ड्यात न्या, नवी टाकी बांधू नका. पहिल्या वर्षी उन्हाळ्याच्या तरतुदीत 90 टँकर तसेच ठेवा. वहीत फरक दिसला तर दुसऱ्या वर्षी ते कमी करा.