लग्नासाठी कलर लेन्स: ऑनलाइन जोडी, मेकअपवालीची जोडी की मापं घेऊन केलेली?

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. आणि सीझन सुरू झाला की हा प्रश्न येतोच, यावेळी घरातूनच आला, मावसबहिणीचं लग्न आहे आणि तिला ग्रे नाहीतर हेझल डोळे हवेत. तिच्यापुढे तीन रस्ते होते. एक, ऑनलाइन मागवलेली झीरो पॉवरची जोडी, जी तिने मला विचारायच्या आधीच मागवून ठेवली होती. दोन, मेकअपवाली म्हणालेली की ताई माझ्या किटमध्ये आहेत, पॅकेजमध्येच घालून देते. तीन, क्लिनिकमध्ये मापं घेऊन डेली डिस्पोजेबल. तिच्याच डोळ्यांवर तुलना करून सांगते म्हणजे नीट कळेल.

आधी ऑनलाइनवाली. सगळ्यांना वाटतं नंबर नाही म्हणजे मापाचा प्रश्नच नाही, पण नंबर वेगळा आणि माप वेगळं. बॉक्सवर लिहिलेलं असतं बेस कर्व्ह 8.6, डायमीटर 14.2, म्हणजे लेन्स आतून किती गोलाईची आणि किती रुंद. आणि बहुतेक बॉक्सवर हेच किंवा याच्या आसपासचं असतं, चपलेच्या दुकानात एकाच नंबरची चप्पल ठेवावी तसं. बुबुळावरचं पारदर्शक पटल मात्र कोणाचं जास्त फुगीर, कोणाचं सपाट, कोणाचं रुंद. सरासरी वक्रता धरली साधारण 7.8 मिलिमीटर, तर सॉफ्ट लेन्स त्याहून थोडी सपाट म्हणजे 8.6 च्या आसपास चालते, म्हणून बॉक्सवर तो आकडा. बहिणीच्या पटलाची गोलाई मशीनवर मोजली, ते के-रीडिंग आलं 41 डायॉप्टर, म्हणजे वक्रता 8.2 मिलिमीटरच्या पुढे, पटल सपाट. तिला 8.6 घट्ट पडू शकते हे मशीनवरच दिसत होतं, तरी मी ती जोडी घालून पाहू दिली कारण तिचा विश्वास बसत नव्हता.

वीस मिनिटांनी डोळा मोठा करून दाखवणाऱ्या स्लिट लॅम्पवर बघितलं तर पापणी मिटली तरी लेन्स जागची हलत नव्हती. नीट बसलेली लेन्स प्रत्येक मिटण्याला किंचित, अर्ध्या मिलिमीटरच्या आत, सरकते आणि परत जागेवर येते, त्या सरकण्यानेच खालचं अश्रूंचं पाणी बदलतं. खालच्या पापणीने वर ढकललं तर सहज सरकायला हवी, हिची चिकटून होती. आणि बहीण काय म्हणते? "अगं मला तर काहीच जाणवत नाहीये, मस्त बसलीये!"

इथेच सगळे फसतात. सैल लेन्स लगेच टोचते, माणूस काढून टाकतो, विषय संपला. घट्ट लेन्स सुरुवातीला सगळ्यात आरामदायक वाटते, कारण ती हलतच नाही. त्रास सुरू होतो चार-पाच तासांनी. पटलात रक्तवाहिन्या नसतात, त्याला ऑक्सिजन मिळतो हवेतून, अश्रूंवाटे. वर घट्ट झाकण बसलं, त्यात रंगाचा थर, की पटल सुजतं, दिव्यांभोवती वलयं दिसतात, नजर धुरकट होते. काळ्या वर्तुळाच्या कडेने लाली येते आणि लेन्स काढल्यावर पांढऱ्या भागावर गोल वळ दिसतो, घट्ट मोज्याचा पायावर उमटतो ना तसा. आणि दुखणं कधीकधी काढल्यानंतरच वाढतं. म्हणून "घालून बघितली, छान वाटली" याला फिटिंग म्हणत नाहीत.

आता मेकअपवालीची जोडी. यात वरचा सगळा मापाचा धोका आहेच, कारण तिच्या किटमधली जोडी सगळ्या नवरीमुलींना तीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती आधी कोणाच्या डोळ्यात होती. बहिणीने विचारलं तर उत्तर आलं, सोल्यूशनने धुते ना मी. धुणं म्हणजे निर्जंतुक करणं नाही हो. मल्टीपर्पज सोल्यूशनमध्ये तळहातावर चोळून, नवं सोल्यूशन घालून, बहुतेक बाटल्यांवर लिहिलेले चार-सहा तास भिजवावं लागतं, आणि तेही एकाच माणसाच्या वापरासाठी. सकाळी एक नवरी आणि दुपारी दुसरी, या मधल्या वेळात ते होऊच शकत नाही. शिवाय डोळे येण्याचा ॲडिनोव्हायरस अशा सोल्यूशनला सहजी दाद देत नाही, आणि ज्याला होणारे त्याला लाली यायच्या आधीही तो असू शकतो. नळाच्या पाण्यात लेन्स विसळली असेल तर पाण्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव डोळ्यात जाऊ शकतो, त्याचे उपचार महिनोन्महिने चालतात.

पण मला सगळ्यात भीती सुडोमोनास या जंतूची. लेन्सवर आणि डबीत तो छान तग धरतो, आणि घट्ट लेन्सने पटलावर बारीक खरचटलं असेल तर त्याला दार उघडंच. आज संध्याकाळी थोडं खुपलं, रात्री उजेड सहन होईना, सकाळी काळ्या भागावर पांढरा ठिपका आणि पू, इतक्या वेगाने जातं, एक-दोन दिवसांत पटल विरघळून छिद्र पडू शकतं. उपचार म्हणजे पटल खरवडून तपासणीला पाठवायचं आणि सुरुवातीला दर तासाला, कधी त्याहून लवकर, थेंब, रात्रीसुद्धा. बरं झालं तरी आपल्याकडे ज्याला फूल पडणं म्हणतात तो डाग राहतो, आणि तो मधोमध असेल तर नजर गेली, मग पटल बदलण्याचीच गोष्ट.

तिसरा पर्याय म्हणजे मापं घेऊन डेली. महाग पडते, खोटं नाही बोलत, रंगही कमी मिळतात आणि क्लिनिकला दोन फेऱ्या होतात, एक मापं-ट्रायलची, एक घालायला-काढायला शिकायची. बदल्यात डबी नाही, सोल्यूशन नाही, वापरली की फेकली. बहिणीला तिच्या मापाची थोडी सपाट लेन्स मिळाली, ती हलत होती. पण एक गोष्ट तिलाही सांगितली, रंगाच्या लेन्सला मधे बाहुलीपुरती बिनरंगाची पारदर्शक जागा असते आणि मंद लाइटमध्ये आपली बाहुली त्याहून मोठी होते, मग कडेचा रंग नजरेत येतो, कितीही चांगली लेन्स असली तरी.

आणि मुहूर्ताला कुठलीच लेन्स नको म्हटलं. होमाचा धूर, अक्षता थेट डोळ्यांवर, पहाटे चारला उठलेली नवरी दोन विधींमध्ये डुलकी काढणार, लेन्स घालून झोपणं हाच इन्फेक्शनचा सगळ्यात मोठा धोका. रिसेप्शनला तीन-चार तास, मेकअपच्या आधी स्वच्छ कोरड्या हातांनी घालायची, स्प्रे मारताना डोळे मिटायचे, मेकअप पुसायच्या आधी काढायची. लाल झालं, दुखलं, धूसर झालं तर लगेच काढायची, परत घालून बघायची नाही, तासाभरात बरं वाटलं नाही तर त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरकडे, लेन्स सोबत घेऊन. मेडिकलवाल्याकडून "लाली जाण्याचे" थेंब तर अजिबात नाही, त्यात स्टेरॉइड असतं बऱ्याचदा, लाली उतरते आणि जंतू आत वाढत राहतात.

शेवटी तिने ग्रे सोडून हेझल घेतली कारण ग्रे तिच्या मापात नव्हतीच. ऑनलाइनवाली जोडी माझ्या कचऱ्याच्या डब्यात गेली, तिने आधी धाकट्या बहिणीला द्यायची ठरवली होती म्हणून मीच कापून टाकली.