४४ सेंमी तार: वर्तुळ की चौरस?

४४ सेंमी लांबीची तार घ्या. चौरस केला तर प्रत्येक बाजू ११ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ १२१ चौसेंमी. तीच तार वर्तुळाकार वाकवली, तर परीघ ४४ असल्याने π ची किंमत २२/७ धरून त्रिज्या ७ सेंमी येते आणि क्षेत्रफळ १५४ चौसेंमी. तार तेवढीच, पण आतली जागा ३३ चौसेंमीने जास्त!

हा फरक ४४ या आकड्यामुळे पडलेला नाही. लांबी L असेल तर वर्तुळाचे क्षेत्रफळ L²/4π आणि चौरसाचे L²/16. भागाकार 4/π, साधारण १.२७. तार कितीही लांब असो, वर्तुळ सुमारे २७ टक्क्यांनी पुढेच राहणार.

मला यातली खरी गंमत कोपऱ्यांत दिसते. चौरसाच्या टोकाशी बरीच तार खर्च होते, पण तिथे सापडणारी जागा अगदी चिंचोळी असते. त्याच तारेचा सुसम अष्टकोन केला, तर कोपरे बोथट होतात आणि क्षेत्रफळ लगेच १४६ च्या आसपास जाते. बाजू वाढवत न्या, आकडा १५४ कडे सरकत जातो.

प्रत्यक्ष करून पाहताना टोके एकमेकांवर चढवू नका. १ सेंमी तार जरी दुहेरी झाली, तरी वर्तुळ १४७ वर येते. ते चपटे झाले का, हे तपासायला काटकोनातले दोन व्यास मोजा; दोन्ही १४ सेंमी भरले पाहिजेत.