चार शाखांचं बिलिंग सॉफ्टवेअर आणि देवासचे नऊ हरवलेले नंबर: वर्षभराच्या वापरानंतर

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, कारण हा दोष एकट्या त्या कंपनीचा नाही. स्टॉक, उधारी, ई-इनव्हॉइस, व्हॉट्सॲपवर बिल वगैरे सगळं त्यात आहे आणि बरं चालतं. मी लिहिणार आहे ते फक्त बिल नंबरबद्दल. वर्षभरात माझा सर्वांत जास्त वेळ त्याच एका गोष्टीने खाल्ला, आणि विकत घेताना त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

इंदूरच्या सियागंजात आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं ठोक दुकान आहे, पालद्याला गोदाम आणि विक्री, देवास आणि उज्जैनला एकेक शाखा. हिशेब मी बघते. चारही ठिकाणं मध्य प्रदेशात, त्यामुळे जीएसटी नंबर एकच, २३ ने सुरू होणारा. म्हणजे एका आर्थिक वर्षात चार शाखांपैकी कोणत्याही दोन बिलांचा नंबर सारखा असून चालत नाही. जीएसटीच्या नियम ४६ मध्ये तीन अटी आहेत: नंबर क्रमाने हवा, त्या आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको, आणि सोळा अक्षरांच्या आत बसायला हवा. अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. सॉफ्टवेअरने आपणहून दिलेला साचा `DEWAS/2025-26/000412` असा होता. मोजलात तर वीस अक्षरं होतात. आम्ही तो पहिल्याच दिवशी `DW/25-26/000412` केला. हा पंधरात बसतो.

सहा महिने तक्रार नव्हती. ऑक्टोबरचा जीएसटीआर-१ भरताना सीए साहेबांचा फोन आला, "ताई, देवासचे नऊ नंबर कुठे गेले?"

त्या रिटर्नच्या टेबल १३ मध्ये महिन्यात काढलेल्या बिलांचा पहिला नंबर, शेवटचा नंबर, एकूण किती, रद्द किती आणि निव्वळ किती हे द्यावं लागतं. देवासची सिरीज ४१२ पासून ६५५ पर्यंत गेली होती, म्हणजे २४४ नंबर. रद्द ६. निव्वळ २३८ यायला हवीत. विक्रीच्या रजिस्टरमध्ये बिलं होती २२९. बाकीच्या नऊ नंबरांचं ना बिल, ना रद्द केल्याची नोंद.

विक्रीची रक्कम जुळत होती, कर जुळत होता. तरीही ही बाब लहान नाही. तपासणीला आलेला माणूस गहाळ नंबर पाहून पहिला अंदाज हाच करतो, की ग्राहकाला बिल दिलं, रोकड घेतली आणि मग बिल पुसून टाकलं. तसं झालेलं नाही हे दाखवायची जबाबदारी दुकानदारावर येऊन पडते, आणि जे बिल कधी झालंच नाही त्याचा कागद आणायचा कुठून?

गहाळ नंबर शोधायला सॉफ्टवेअरमध्ये काही सोय नव्हती. मी रजिस्टर एक्सेलमध्ये घेतलं, नंबरप्रमाणे लावलं आणि शेजारी दोन सूत्रं टाकली:

```
B2:  =VALUE(RIGHT(A2,6))
C3:  =B3-B2
```

बी आणि सी हे दोन्ही रकाने खालपर्यंत ओढले. सी मध्ये जिथे १ पेक्षा मोठा आकडा दिसतो तिथे भोक आहे. ४९७ नंतर थेट ४९९. ५३० नंतर ५३३. पुढची-मागची बिलं घेऊन देवासच्या मुलाला फोन लावला. ४९९ हे वायरच्या कॉइलचं बिल निघालं. माल सियागंजहून पोचला होता पण आवक चढवायची राहिली होती, म्हणून सॉफ्टवेअरने "स्टॉक नाही" म्हणत बिल नाकारलं. त्याने आवक चढवली, बिल पुन्हा सेव्ह केलं, आणि ते झालं ४९९ नंबरने. ४९८ नाकारलेल्या बिलाबरोबर गेला. ५३१ आणि ५३२ ची तीच कथा, तिथे त्याने दोनदा प्रयत्न केला होता. नऊच्या नऊ नंबर असेच गेले होते.

आता सर्व्हिसची कहाणी. पहिली तक्रार "सिस्टीम ठीक आहे" असं लिहून बंद केली. दुसऱ्या वेळी इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, त्या नंबरांवर शून्य रुपयांची बिलं बनवून टाका, जुन्या तारखेने." मी साफ नकार दिला. ऑक्टोबरची तारीख घातलेलं, नोव्हेंबरात बनवलेलं बिल म्हणजे खोटा कागद. भोक असलं तर त्याचं कारण सांगता येतं, खोट्या कागदाचं काय कारण सांगणार? आम्ही नऊ नंबरांची यादी केली, प्रत्येकासमोर मागच्या-पुढच्या बिलाची वेळ आणि नाकारल्याचं कारण लिहिलं, सह्या केल्या आणि सीए साहेबांच्या सल्ल्याने टेबल १३ मध्ये ते रद्दमध्ये धरले: २४४, रद्द १५, निव्वळ २२९.

तिसऱ्या वेळी मी तक्रार वरच्या माणसापर्यंत नेली. तिथे एक प्रोग्रामर भेटला, त्याने नीट वेळ देऊन समजावलं. माझं मत तिथून बदलायला लागलं. त्यांचं सॉफ्टवेअर बिल सेव्ह करताना नंबर डेटाबेसच्या तयार सिक्वेन्सकडून घेत होतं. हे सिक्वेन्स बँकेतल्या टोकन यंत्रासारखं आहे. चिठ्ठी बाहेर आली की आली, तुमचं काम झालं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बिल नाकारलं गेलं तर बाकी सगळी नोंद मागे फिरते, नंबर फिरत नाही. तो डेटाबेसचा दोष नाही, मुद्दाम तसंच बनवलेलं आहे, म्हणजे कुणी कुणासाठी थांबत नाही. सिक्वेन्स नंबर दुसऱ्यांदा देत नाही ही हमी खरी आहे. एकही नंबर गळणार नाही ही हमी ते कधी देतच नाही.

सर्वांत मोठ्या नंबरात एक मिळवून पुढचा काढावा, असं मी सुचवलं. तो म्हणाला, दोन काउंटरांनी एकाच क्षणी सेव्ह केलं तर दोघांनाही सर्वांत मोठा ४९७ दिसेल आणि दोघेही ४९८ काढतील. खरा उपाय म्हणजे प्रत्येक सिरीजसाठी एका तक्त्यात एक ओळ ठेवायची, तिच्यात शेवटचा नंबर, आणि तो वाढवणं व बिल नोंदवणं एकाच व्यवहारात करायचं:

```sql
BEGIN;
UPDATE bill_series
   SET last_no = last_no + 1
 WHERE branch = 'DW' AND fy = '25-26'
RETURNING last_no;
-- हाच नंबर घेऊन बिलाची नोंद इथे
COMMIT;
```

बिल अडलं तर नंबरसुद्धा मागे जातो आणि पुढच्या बिलाला तोच मिळतो. दुसरा काउंटर त्याच वेळी आला तर पहिल्याचं काम पुरं होईपर्यंत ती ओळ कुलूपबंद राहते, तो थांबतो. शिवाय बिलांच्या तक्त्यावर जीएसटी नंबर, वर्ष आणि बिल नंबर मिळून एकमेव असण्याची सक्ती घातली, म्हणजे कुठे चूक झालीच तर डेटाबेस दुसरं बिल घेणारच नाही.

डिसेंबरमध्ये हा बदल आला आणि नवीच डोकेदुखी सुरू झाली. सियागंजला गर्दीच्या वेळी दोन्ही काउंटर लटकायचे. ई-इनव्हॉइसचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक, सरकारी पोर्टलवरून येतो, आणि तो मागण्याचं काम त्यांनी कुलपाच्या आत ठेवलं होतं. पोर्टल सुस्त असलं की एक काउंटर कुलूप धरून बसायचा आणि दुसऱ्याचं गिऱ्हाईक उभं राहायचं. पुन्हा भांडण, पुन्हा तोच प्रोग्रामर. आता आधी बिल पक्कं होतं, त्यावर "आयआरएन बाकी" असं दिसतं आणि मागणी कुलपाबाहेरून जाते. पोर्टलने नाकारलं तर चूक दुरुस्त करून त्याच नंबरने पुन्हा पाठवता येतं, कारण आयआरएन अजून बनलेला नसतो. एकदा बनला की मात्र तो २४ तासांतच रद्द करता येतो, आणि रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. तो रजिस्टरमध्ये "रद्द" म्हणून कायम दिसायला हवा. सॉफ्टवेअरमध्ये शेवटचं बिल डिलीट करायची सोय होती. डिलीट केल्यावर तोच नंबर पुढच्या ग्राहकाला जायचा. ती सोय आम्ही सगळ्यांसाठी बंद करून घेतली, आमच्या ह्यांच्या लॉगिनसकट.

सुरुवातीला मला चारही शाखांची एकच सिरीज हवी होती. एकच रजिस्टर, बघायला सोपं. कुलपाचा प्रकार कळल्यावर तो आग्रह मी सोडला. एक सिरीज म्हणजे एकच ओळ, आणि उज्जैनच्या बिलासाठी सियागंज थांबणार. नियमात एकापेक्षा जास्त सिरीज चालतात, टेबल १३ मध्ये प्रत्येक सिरीजची एक ओळ भरायची, बस. वेगळ्या सिरीजमुळे देवासचं भोक देवासलाच सापडलं, चार शाखांच्या ढिगात शोधावं लागलं नाही.

उज्जैनला नेट जातं तेव्हा लॅपटॉपवर बिलं काढायची सोय कंपनीने दिली आहे, पण ती मला अजून पटलेली नाही. लॅपटॉपला पन्नास नंबरांचा गठ्ठा आधीच काढून देतात. समजा लॅपटॉपकडे ५०१ ते ५५० आहेत आणि त्यातले बाराच वापरले, तर मुख्य काउंटर ५५१ पासून पुढे गेलेला असतो. पुढच्या आठवड्यात नेट गेलं की ५१३ वर नंतरची तारीख पडते, आणि मार्चअखेर उरलेले नंबर भोक म्हणून राहतात. आम्ही लॅपटॉपला स्वतंत्र सिरीज दिली, `UL/25-26/000001` पासून. ती फक्त त्या लॅपटॉपवर चालते, त्यामुळे क्रम आणि तारीख दोन्ही सरळ राहतात.

घ्यायच्या आधी दाखवायला आलेल्या माणसासमोर एवढी चाचणी करा. स्टॉक नसलेल्या मालाचं बिल सेव्ह करा, नाकारू द्या, मग दुसरं बरोबर बिल काढा आणि नंबर बघा. मध्ये एक गळला असेल तर तिथेच विचारा. क्रेडिट नोटसाठीही हीच चाचणी करा, तिची सिरीज वेगळी असते आणि आमच्याकडे ती दुरुस्त करायला कंपनी विसरली होती.

नूतनीकरणाला तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर चांगली सूट मिळत होती. मी एकाच वर्षाचे भरले. गहाळ नंबरांचा अहवाल सॉफ्टवेअरमध्येच देऊ असं त्यांनी ईमेलवर लिहून दिलं आहे. तो येईपर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेला एक्सेलची ती दोन सूत्रं मीच चालवते, जीएसटीआर-१ सीए साहेबांकडे जायच्या आधी.