गळतीसाठी नमुना वाढवताना: गुणाकार, भागाकार की बदली घर?

नंदुरबार जिल्ह्यातील डोंगराळ अक्राणी आणि बहुतांश सपाट शहादा या दोन तालुक्यांत पाच वर्षांखालील मुलांच्या वजनाची पाहणी करायची आहे, असे समजू. पहिली फेरी जूनमध्ये आणि दुसरी फेब्रुवारीत होईल, आणि दुसऱ्या फेरीत कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण ९५ टक्के विश्वासपातळीवर पाच टक्क्यांच्या आत-बाहेर सांगता आले पाहिजे. प्रमाणाचा आधीचा अंदाज नसल्यामुळे ५० टक्के धरले, तर नेहमीच्या सूत्राने ३८४.१६, म्हणजे पूर्णांकात ३८५ मुले लागतात. मात्र ही ३८५ मुले दुसऱ्या फेरीत वजनकाट्यावर प्रत्यक्ष उभी राहणारी मुले आहेत. जूनमध्ये नोंदवलेली काही मुले तोवर गळतात, म्हणजे दुसऱ्या फेरीत भेटत नाहीत; तेव्हा जूनमध्ये नोंदवायची संख्या ३८५ हून किती मोठी असावी, हे ठरवण्याचे तीन मार्ग संशोधन आराखड्यांत दिसतात.

पहिला मार्ग गुणाकाराचा. गळती २० टक्के अपेक्षित असेल, तर ३८५ मध्ये त्याचे २० टक्के मिळवून ४६२ ही संख्या लिहिली जाते. दुसरा मार्ग भागाकाराचा. त्यात ३८५ ला टिकून राहणाऱ्यांच्या प्रमाणाने, म्हणजे ०.८ ने, भागून ४८२ ही संख्या येते. पहिल्या मार्गातील चूक साधी आहे: २० टक्के मिळवले जातात ते ३८५ वर, पण गळती लागते ती नोंदवलेल्या ४६२ वर, त्यामुळे शेवटी ३६९ मुलेच उरतात.

| अपेक्षित गळती | गुणाकाराने नोंदणी | शेवटी उरतील | भागाकाराने नोंदणी | शेवटी उरतील |
|---|---|---|---|---|
| १० टक्के | ४२४ | ३८१ | ४२८ | ३८५ |
| २० टक्के | ४६२ | ३६९ | ४८२ | ३८५ |
| ४० टक्के | ५३९ | ३२३ | ६४२ | ३८५ |

तूट गळतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० टक्क्यांच्या गळतीत ती एक टक्का असते, ४० टक्क्यांच्या गळतीत सोळा टक्के. म्हणून गळती दहा टक्क्यांच्या आत असेल, तर या दोन मार्गांवरून वाद घालण्यात अर्थ नाही, आणि त्याहून जास्त असेल, तर भागाकारच करावा. अर्थात या तुटीचा बाऊही करू नये. ३८५ ऐवजी ३२३ मुले मिळाली, तर अंदाजातील चुकीची मर्यादा ५ टक्क्यांवरून सुमारे ५.५ टक्क्यांवर जाते. परीक्षकाला ही चूक लगेच दिसते, पण पाहणी तिने बुडत नाही. पाहणी बुडते ती गळतीचा आकडा चुकल्याने किंवा गळती कोणाची झाली हे न पाहिल्याने.

वरील उदाहरणात दुसरी फेरी फेब्रुवारीत ठेवली आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला, की सातपुड्यातील पाड्यांवरची अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, तर काही जवळच्या दक्षिण गुजरातेत, आणि लहान मुले बहुधा आईवडिलांबरोबरच असतात. सपाटीवरच्या गावांत हे प्रमाण बरेच कमी असते. समजा सपाटीवर १० टक्के आणि डोंगरात ४० टक्के गळती अपेक्षित आहे, आणि दोन्ही भागांतून शेवटी सारखीच, म्हणजे प्रत्येकी १९३ मुले हवी आहेत. सरासरी २५ टक्के गळती धरून भागाकार केला, तर एकूण ५१४, म्हणजे प्रत्येक भागात २५७ मुले नोंदवली जातील. फेब्रुवारीत सपाटीवर २३१ आणि डोंगरात १५४ मुले उरतील. बेरीज बरोबर ३८५ भरते, म्हणून अहवालात काही बिघडले आहे असे दिसतही नाही. पण ज्या भागासाठी पाहणी हाती घेतली, तिथलाच नमुना तोकडा राहतो. त्याऐवजी प्रत्येक भागासाठी वेगळा भागाकार केला, तर सपाटीवर २१५ आणि डोंगरात ३२२, मिळून ५३७ मुले नोंदवावी लागतात. अवघ्या तेवीस जादा नोंदींच्या बदल्यात दोन्ही भाग पुरेसे भरतात. माझ्या मते गुणाकार की भागाकार या निवडीपेक्षा सरासरी दर की भागनिहाय दर ही निवड अधिक महत्त्वाची आहे.

स्थलांतर टोळीने होते, ही गोष्टही हिशेबात धरावी लागते. एका मुकादमाच्या टोळीत एकाच पाड्यातील बरीच घरे असली, तर गळती सगळीकडे विरळ पसरत नाही. एखादा पाडा जवळजवळ रिकामा होतो आणि शेजारचा तसाच भरलेला राहतो. पाडा हेच नमुन्याचे एकक असेल, तर प्रत्येक पाड्यातील मुले वाढवण्याऐवजी पाड्यांची संख्या वाढवणे योग्य. गणिताचा क्रमही इथेच ठरवावा: आधी समूह-नमुन्यामुळे लागणारी वाढ, लोकसंख्या लहान असल्यास त्याची दुरुस्ती, आणि गळतीचा भागाकार सर्वांत शेवटी.

तिसरा मार्ग बदली घराचा: घर बंद दिसले की शेजारचे घर घ्यायचे. तो सर्वांत स्वस्त वाटतो आणि तो सरसकट निषिद्धही नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत ठरलेल्या नियमाने बदली कुटुंब घेण्याची सोय असते, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ज्या आंतरराष्ट्रीय धर्तीवर होते, त्या धर्तीत निवडलेले घर बदलू दिले जात नाही. आपल्या उदाहरणात मात्र बदली जमणारी नाही. एक तर त्याच मुलांचे वजन पुन्हा घ्यायचे आहे. दुसरे म्हणजे, फेब्रुवारीत उघडे सापडणारे शेजारचे घर हे न गेलेल्यांचे घर असते. त्याने आकडा भरतो, पण नमुना घरी राहिलेल्यांकडे आणखी झुकतो.

हाच दोष भागाकारातही उरतो, आणि निर्णय घेणाऱ्याने तो नीट समजून घ्यावा. समजा डोंगराळ भागात राहिलेल्या मुलांपैकी ३० टक्के आणि गेलेल्यांपैकी ४५ टक्के मुले कमी वजनाची आहेत, आणि गेलेली मुले एकूण मुलांच्या ४० टक्के आहेत. खरे प्रमाण ३६ टक्के येते, पण पाहणीत ३० टक्केच दिसेल. ३२२ ऐवजी ३,२२० मुले नोंदवली तरीही ३० टक्केच दिसेल, उलट चुकीची मर्यादा अरुंद झाल्याने त्या चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढेल. हे ओळखण्याचा उपाय जूनच्या नोंदींतच असतो: दुसऱ्या फेरीत भेटलेल्या आणि न भेटलेल्या मुलांची जूनमधली वजने, वये आणि घरची जमीन शेजारी-शेजारी मांडावीत. फरक मोठा असेल, तर भारांकनाने काही दुरुस्ती करता येते, पण केवळ जूनमध्ये नोंदवलेल्या गोष्टींपुरती.

म्हणून अक्राणीसारख्या ठिकाणी नमुना फुगवण्याआधी गळती कमी करण्याचा खर्च मोजून पाहावा. होळीला सातपुड्यातील बरीच ऊसतोड कुटुंबे घरी परततात. दुसरी फेरी फेब्रुवारीऐवजी होळीच्या आसपास ठेवली आणि त्यामुळे डोंगरातील गळती ४० वरून २० टक्क्यांवर आली, तर ३२२ ऐवजी २४२ मुले नोंदवून भागते आणि गेलेल्या घरांतील मुलेही काट्यावर येतात. सण चालू असताना काम होत नाही, त्यामुळे भेट सणानंतर लगेच, कुटुंबे परत फिरण्याआधी ठेवावी लागते. फेरीची तारीख हलवणे शक्य नसेल, तर जूनच्या प्रश्नावलीत एक प्रश्न घालावा: गेल्या वर्षी माघ महिन्यात घरातले कोण कुठे होते? पूर्वपाहणीत काही पाड्यांवर हा प्रश्न विचारला, तर गळतीचा दर तिथलाच मिळतो, आणि आराखड्यात कुठल्याशा प्रबंधातून उचललेला ‘१० टक्के’ लिहिण्याची गरज राहत नाही. आराखड्यात शेवटी हवी असलेली संख्या, भागनिहाय गळती आणि नोंदवायची संख्या ही तिन्ही वेगवेगळी लिहावीत, म्हणजे दर चुकलाच तर तो कुठे चुकला हे दुसऱ्या फेरीनंतर तपासता येते.