थकबाकीचं व्याज: एकच लांब फॉर्म्युला की तीन छोटे?

सोसायटीच्या मेंटेनन्सवरच्या उशिराच्या व्याजासाठी मी चॅटबॉटकडून दोन्ही प्रकारे फॉर्म्युले लिहून घेतले आहेत. आमच्याकडे वर्षाला १८ टक्के सरळव्याज लागतं. बिलाची रक्कम B मध्ये, मुदत C मध्ये, भरल्याची तारीख D मध्ये.

एकच फॉर्म्युला मागितला तर काम झटपट होतं आणि शीट सुटसुटीत राहते. मला पहिल्यांदा मिळाला तो हा:

```
=ROUND(B2*18%*MAX(0,D2-C2)/365,0)
```

तो शीटवर ओढण्याआधी मी खोट्या ओळी भरल्या. रक्कम मुद्दाम ७,३०० घेतली, कारण तिचं दिवसाचं व्याज बरोबर ३ रुपये ६० पैसे येतं आणि उत्तर तोंडी काढता येतं. मुदत १५ एप्रिल २०२५. २५ एप्रिलला भरले तर ३६ रुपये, मुदतीआधी भरले तर शून्य. दोन्ही जुळलं. मग भरल्याची तारीख रिकामी ठेवली. २४ जुलैपर्यंत १०० दिवस, म्हणजे ३६० यायला हवे होते, आले शून्य. रिकामा सेल वजाबाकीत शून्य धरला जातो, उत्तर ऋण येतं आणि MAX ते शून्यावर आणतो. ज्याने पैसे भरलेच नाहीत, त्यालाच व्याज माफ!

ही चूक सांगितल्यावर फॉर्म्युल्यात IF आला. पण खरा त्रास पुढच्या ओळीने दिला. ७ मे रोजी भरलेल्या बिलावर २२ दिवसांचे ७९ रुपये हवे होते, दिसले २९२. लांब फॉर्म्युला फक्त रक्कम दाखवतो. बिघाड दरात आहे, दिवसांत की तारखेत, ते कळत नाही. मी दुरुस्त्या मागत राहिलो, दरवेळी फॉर्म्युला वाढला आणि आधी जुळलेल्या ओळी पुन्हा तपासाव्या लागल्या.

शेवटी तेच काम तीन कॉलमांत मागितलं. H1 मध्ये हिशेबाची तारीख.

```
E2: =IF(D2="",$H$1,D2)
F2: =MAX(0,E2-C2)
G2: =ROUND(B2*18%*F2/365,0)
```

F मध्ये २२ ऐवजी ८१ दिसताच उलगडा झाला. 07/05/2025 ही तारीख अमेरिकन पद्धतीने ५ जुलै म्हणून वाचली गेली होती. फॉर्म्युला ठीकच होता. फाइलची लोकेल सेटिंग बदलली, तारखा पुन्हा भरल्या आणि ७९ आले.

एखाद्या वेळच्या बेरजेला लांब फॉर्म्युला पुरेल. नव्या एक्सेलमध्ये LET वापरून तो वाचनीयही होतो, ज्यांना जमतं त्यांनी जरूर वापरावा. पण सभासद व्याजावर हरकत घेतो तेव्हा तो पहिल्यांदा दिवस विचारतो, आणि F कॉलम दाखवला की बोलणं तिथेच मिटतं. छपाईच्या वेळी मी E आणि F लपवतो. खोट्या ओळी मात्र वेगळ्या टॅबवर तशाच ठेवल्या आहेत. दर बदलला की आधी तिथे ३६ आणि ३६० ची नवी उत्तरं हाताने काढतो.