ॲप्लिकेटिव्ह रचनेच्या अभ्यासासाठी कोणती भाषा निवडावी: स्वाहिली, किन्यारवांडा की इंडोनेशियन?

‘आईने बाळासाठी टोपी शिवली’ या वाक्यात बाळ क्रियापदाच्या कक्षेबाहेर, ‘साठी’च्या आधाराने उभे आहे. काही भाषांत क्रियापदालाच एक प्रत्यय लागतो, ‘साठी’सारखा शब्द गळून पडतो आणि बाळ थेट कर्म होते. हीच ॲप्लिकेटिव्ह रचना. ज्याच्यासाठी कृती होते तो लाभार्थी जसा कर्म होतो, तसे काही भाषांत ज्याने कृती होते ते साधनही होते. ‘आईने बाळाला टोपी शिवून दिली’ हे वाक्य त्याच जातीचे वाटते, पण कर्मणी केल्यास ‘बाळाला टोपी शिवून दिली गेली’ असे होते. ‘बाळाला’मधला ‘ला’ सुटत नाही आणि क्रियापद टोपीशीच जुळते. बाळाला बढती मिळालेली नाही, म्हणून मराठीत खरी ॲप्लिकेटिव्ह रचना शोधू नये. प्रबंधासाठी या विषयावर एक भाषा निवडायची असेल, तर पुढील तीन भाषांना हीच कर्मणीची कसोटी लावून पाहावी.

स्वाहिलीत ‘अलिपिका चाकुला’ म्हणजे ‘त्याने जेवण शिजवले’. मुलासाठी शिजवले असेल तर ‘अलिम्पिकिया म्तोतो चाकुला’. येथे ‘पिक’ या धातूला ‘इ’ प्रत्यय लागला आहे, आणि धातूच्या आधीचा ‘म्’ मुलाकडे बोट दाखवतो. कर्मणी होते ‘म्तोतो अलिपिकिवा चाकुला’, म्हणजे मूल कर्त्याच्या जागी येते आणि सुरुवातीचा ‘अ’ त्याच्याशी जुळतो. जेवणाला कर्ता करून ‘चाकुला किलिपिकिवा म्तोतो’ मात्र म्हणता येत नाही, जरी प्रत्ययाविना ‘चाकुला किलिपिक्वा’, म्हणजे ‘जेवण शिजवले गेले’, हे अगदी शुद्ध आहे. लाभार्थी आत आला की मूळ कर्माचा हक्क जातो, आणि हा बदल एका अक्षराच्या उपसर्गावरून ओळखता येतो. त्यासाठी उदाहरणातील दोन्ही नामे वेगवेगळ्या नामवर्गांतील, म्हणजे क्रियापदाला वेगवेगळे उपसर्ग लावणाऱ्या गटांतील, घ्यावीत. दोन्ही माणसे घेतली तर दोघांचाही उपसर्ग ‘अ’च येतो आणि क्रियापद कोणाशी जुळले हे त्यावरून सांगता येत नाही, नवख्या अभ्यासकाची नोंद बहुधा येथेच वाया जाते.

मला स्वाहिलीत सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘कुफा’, म्हणजे ‘मरणे’, या अकर्मक क्रियापदाचा प्रवास. त्याला प्रत्यय लागून ‘फिया’ होते, म्हणजे कोणाला तरी मागे ठेवून मरणे. त्याचे कर्मणी ‘अमेफिवा’. ‘अमेफिवा ना बाबा याके’ म्हणजे ‘त्याचे वडील वारले’, पण वाक्याचा कर्ता मागे राहिलेला मुलगा आहे. लाभाऐवजी हानी भोगणाराही याच प्रत्ययाने कर्म होतो, हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण क्वचितच मिळते. साधनाच्या बाबतीत मात्र स्वाहिली तोकडी पडते, कारण ‘किसू चा कुकातिया न्यामा’, म्हणजे ‘मांस कापायची सुरी’, अशा पदबंधांत हा प्रत्यय दिसतो, पण साध्या वाक्यात लोक सहसा ‘क्वा किसू’, म्हणजे ‘सुरीने’, असेच म्हणतात.

साधन हाच विषय असेल तर किन्यारवांडा घ्यावी. तेथे लाभार्थ्यासाठी एक प्रत्यय आहे आणि साधनासाठी वेगळा: ‘अन्दिका’ म्हणजे लिहिणे, ‘अन्दिकिशा’ म्हणजे अमुक वस्तूने लिहिणे, आणि ती वस्तू कर्म होते. अडचण अशी की हाच प्रत्यय प्रयोजकही आहे, त्यामुळे ‘अन्दिकिशा’ म्हणजे ‘लिहायला लावणे’ असाही अर्थ निघतो. लेखणी आणि विद्यार्थी यांना एकाच रूपात बसवणारी ही व्यवस्था मराठीच्या ‘लिहिणे, लिहवणे’ची सवय असलेल्याला आधी चकवते. शिवाय अलेक्सांद्र किमेन्यी यांनी 1980 च्या व्याकरणात दाखवल्याप्रमाणे येथे लाभार्थी आल्यावरही मूळ कर्माचा हक्क शाबूत राहतो आणि कर्मणीत दोघांपैकी कोणीही कर्ता होऊ शकतो. स्वाहिलीशी खरी तुलना याच मुद्द्यावर करण्यासारखी आहे.

इंडोनेशियनमध्ये ‘इबू मम्बलिकान आदिक बाजू’ म्हणजे ‘आईने धाकट्याला कपडा विकत घेऊन दिला’, आणि कर्मणीत ‘आदिक दिबलिकान बाजू’. येथवर चित्र स्वाहिलीसारखेच आहे. परंतु ‘कान’ प्रत्ययाची कामे अनेक आहेत. ‘ममुकुल’ म्हणजे मारणे. ‘ममुकुलकान तोंकात’ म्हटले की काठी कर्म होते, पण ज्याला मारले त्याला शब्दयोगी अव्ययाची गरज पडते. म्हणजे एकाला आत घेताना दुसरा बाहेर जातो. बोलीत ‘मम्बलिकान बाजू उन्तुक आदिक’ असेही ऐकू येते, जिथे प्रत्यय आहे आणि ‘साठी’ही आहे. म्हणून केवळ ‘कान’ दिसला म्हणून बढती झाली असे मानू नये.

पहिल्यांदाच हा विषय हाती घेणाऱ्याने लाभार्थ्यापुरते राहून स्वाहिली घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. साधनाकडे वळायचे असेल आणि कर्मणीची वाक्ये तपासून देणारा जाणकार भाषक सोबत असेल, तरच किन्यारवांडा निवडावी.